पाण्यातून चाललात, तेवढं डॉक्टरांना सांगा

जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या दवाखान्यात ताप घेऊन येणारा माणूस दोन आजारांची नावं घरूनच घेऊन येतो. "डॉक्टर, मलेरिया तर नाही ना? डेंग्यूची टेस्ट करू का?" डासांच्या या दोन आजारांची भीती आता वस्तीत चांगलीच रुजली आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण तिसऱ्या आजाराचं नाव कुणी काढत नाही. मी कुर्ल्याच्या ज्या भागात बसते तिथे मिठी नदी दर पावसाळ्यात एक-दोनदा तरी गल्लीत येते. तरीही "मी पाण्यातून चाललो होतो" हे वाक्य मला बहुतेक वेळा पेशंटकडून काढून घ्यावं लागतं. आठ-दहा दिवसांपूर्वीच्या पाण्याचा आजच्या तापाशी संबंध असेल असं त्याच्या डोक्यातच नसतं.

हा तिसरा आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, बोलताना आपण लेप्टो म्हणतो. माझं म्हणणं सरळ आहे. पुराच्या पाण्यातून गेलेल्या माणसाला पुढच्या महिन्याभरात ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो लेप्टो समजावा आणि रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू व्हावं. या आजारात जी माणसं जातात त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत औषध नव्हतं असं नसतं. औषध जुनं आहे, स्वस्त आहे, पालिकेच्या दवाखान्यात मिळतं. कमी पडतात ते दिवस.

आधी हे पाण्यातून होतं कसं ते बघू. लेप्टोस्पायरा हा स्प्रिंगसारखा पिळदार, अतिशय बारीक जिवाणू. तो उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो, उंदराला त्याचा त्रासही होत नाही, आणि त्यांच्या लघवीतून बाहेर पडत राहतो. गाई-म्हशी, कुत्री, डुकरं यांच्या लघवीतूनही तो येतो. म्हणून कोकणात भातलावणीच्या चिखलात उभ्या असलेल्या माणसालाही हा आजार होतो, त्याला मिठीचा पूर लागत नाही. कोरड्या जागी हा जिवाणू लवकर मरतो, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो. पूर आला की उंदरांची बिळं, गटारं, कचऱ्याचे ढीग सगळं एकाच पाण्यात मिसळतं. त्या पाण्यात तुमच्या टाचेला भेग असली, बोटांमध्ये चिखल्या झालेल्या असल्या किंवा तास-दोन तास भिजून कातडी मऊ पडली, की जिवाणूला वाट मिळते. डोळ्यात किंवा तोंडात उडालेलं पाणीही पुरतं.

पाणी कमरेपर्यंत होतं की घोट्यापर्यंत, हा प्रश्न इथे फारसा महत्त्वाचा नाही. शिवाय लोक फक्त पाणी चढलं तो दिवस मोजतात, तिथेच गफलत होते. पाणी ओसरल्यावर दुकानातला गाळ उपसणं, भिजलेल्या गाद्या-कपडे धुणं, मोरीतला कचरा हाताने काढणं हे आठवडाभर चालतं, आणि तो गाळ पाण्याइतकाच धोक्याचा असतो. हे काम घरातल्या बायका करतात. मग एखादी मुलगी ताप घेऊन आली की सोबत आलेले अब्बू सांगतात, "नाही, ही तर बाहेर गेलीच नव्हती." पाणी घरात आलं होतं त्याचं काय? म्हणून मी आता "पाण्यात गेला होता का" असं विचारत नाही. "घरात, दुकानात पाणी शिरलं होतं का, आणि साफ कुणी केलं?" असं विचारते.

संसर्ग झाल्यापासून ताप यायला साधारण 5 ते 14 दिवस लागतात. दोन दिवसांतही येऊ शकतो आणि महिन्यानेही. तोपर्यंत गल्ली कोरडी झालेली असते आणि पाणी कुणाच्या लक्षात नसतं.

आता एक केस सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव देत नाही. बावीस वर्षांचा मुलगा, गॅरेजमध्ये काम करणारा. 8 जुलैला गॅरेजमध्ये गुडघाभर पाणी शिरलं. पुढचे चार दिवस त्याने आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या दुसऱ्या मुलाने मिळून गाळ काढला. पायात रबरी चप्पल, उजव्या टाचेला पत्र्याने कापलेलं. 17 जुलैला सकाळी तो नेहमीसारखा उठला आणि दुपारपर्यंत थंडी वाजून 103 ताप. लेप्टोचा ताप असाच येतो. सर्दी नाही, घसा दुखणं नाही, एकदम येऊन आदळतो. डोकं फुटेल असं दुखतं, कंबर धरते, आणि पोटऱ्या.

या पोटऱ्यांविषयी थोडं थांबून सांगायला हवं. पाण्यातून दोन तास चाललं की पोटऱ्या सगळ्यांच्याच दुखतात. ते दुखणं दुसऱ्या दिवशी असतं, दोन-तीन दिवसांत जातं, आणि त्यासोबत ताप नसतो. लेप्टोचं दुखणं मधले बरे दिवस गेल्यावर तापासोबत येतं. जिवाणू रक्तात पसरलेला असतो आणि स्नायूंना खरोखर इजा होत असते. मी पेशंटला पालथं झोपवते किंवा गुडघा वाकवायला सांगते आणि पोटरीचा मांसल भाग बोटांनी हळू दाबते. थकलेला माणूस "हो, दुखतंय" म्हणतो. लेप्टोचा पेशंट पाय झटकन ओढून घेतो. काहींना संडासला उकिडवं बसता येत नाही, जिना उतरता येत नाही. दुखणं बहुधा दोन्ही पायांत असतं. एकच पाय सुजला असेल, लाल आणि गरम लागत असेल, तर तो जखमेतला पू किंवा रक्ताची गुठळीही असू शकते. तेही लगेच दाखवायला हवं, पण ते प्रकरण वेगळं. मुलींना पाय तपासू देताना संकोच वाटत असेल तर सोबत आलेल्या अम्मीला मी सांगते, तुम्ही दाबा, मी बघते.

दुसरी खूण डोळ्यांत सापडते. डोळे लालबुंद होतात, पण चिकटत नाहीत, पू येत नाही, डोळे आल्यासारखी खाजही नसते. उजेड मात्र सहन होत नाही. ताप, पोटऱ्या आणि असे लाल डोळे एकत्र दिसले तर माझ्या मनात फारशी शंका उरत नाही. उलट बाजूही सांगते: प्रत्येक पेशंटमध्ये ही तिन्ही दिसतीलच असं नाही. पोटऱ्या न दुखणाऱ्या माणसालाही लेप्टो असू शकतो. पाण्यातून जाणं आणि नंतर ताप, एवढंही डॉक्टर गाठायला पुरेसं आहे.

त्या मुलाकडे परत येऊ. तापाच्या दुसऱ्या दिवशी तो जवळच्या एका दवाखान्यात गेला. तिथे त्याला कुणी पाण्याविषयी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. अंगदुखीसाठी कमरेत इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्यात दुखण्यावरची जी गोळी होती ती डायक्लोफिनॅक. एरवी पाठदुखीला चालणारं हे औषध मूत्रपिंडावर ताण आणतं, आणि लेप्टोमध्ये मूत्रपिंड आधीच जिवाणूच्या तावडीत असतं. पावसाळी तापात दुखण्यासाठी पॅरासिटामॉलच घ्यावी. "स्ट्राँग इंजेक्शन मारा डॉक्टर, कामावर जायचंय" हा आग्रह आपणच धरतो आणि काही डॉक्टर तो पुरवतात. त्यावर मला राग येतो, दोघांचाही.

तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, प्लेटलेट 1 लाख 10 हजार. "व्हायरल आहे" असं ठरलं. घरात पपईच्या पानांचा रस सुरू झाला, कारण प्लेटलेट म्हटलं की आपल्याकडे डेंग्यूच. पण त्याच कागदावर वरच्या ओळीत पांढऱ्या पेशी 13,000 लिहिलेल्या होत्या. डेंग्यूमध्ये पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात. प्लेटलेट कमी आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या, ही जोडी जिवाणूकडे बोट दाखवते आणि पावसाळ्यात लेप्टोकडे. सगळ्यांची नजर एका ओळीवर होती. रिपोर्ट हातात आला की दोन्ही ओळी वाचा, आणि डॉक्टरांना विचारा.

इथे कुणी म्हणेल, मग तेव्हाच लेप्टोची टेस्ट करायला हवी होती. करायला हरकत नव्हती, पण साधी रक्ताची टेस्ट शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते आणि त्या तयार व्हायला पाच ते सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी ती निगेटिव्ह येण्याचीच शक्यता जास्त. जिवाणूचा अंश थेट शोधणारी पीसीआर तपासणी पहिल्या आठवड्यात उपयोगी पडते, पण ती सगळीकडे होत नाही. म्हणजे औषधाचा सगळ्यात जास्त फायदा ज्या दिवसांत आहे, नेमक्या त्याच दिवसांत रिपोर्टवर विसंबता येत नाही. निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून "लेप्टो नाही" म्हणणारा डॉक्टर भेटला तर अदबीने विचारा, "हा तापाचा कितवा दिवस, आणि या दिवशी टेस्ट पॉझिटिव्ह येते का?"

पाचव्या दिवशी, 21 जुलैला, मुलाचा ताप उतरला. घरच्यांना हायसं वाटलं, आणि हीच या आजाराची फसवी जागा आहे. पहिला टप्पा संपला की ताप एक ते तीन दिवस आपोआप कमी होऊ शकतो. बहुतेकांचा आजार तिथेच संपतो, हेही खरं. पण दहातल्या एखाद्याला त्यानंतर दुसरा, खरा घातक टप्पा येतो. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसं यांवर हल्ला होतो. 22 तारखेला मुलाचे डोळे पिवळे दिसू लागले. शेजारच्या चाचींनी सांगितलं, कावीळ झाली, अमुक ठिकाणी औषध देतात, तिखट-तेल बंद करा. रात्री ते औषध पाजलं गेलं. 23 तारखेला सकाळी अम्मी त्याला माझ्याकडे घेऊन आल्या, तेव्हा त्याला आदल्या संध्याकाळपासून लघवी झाली नव्हती.

आपल्याकडे कावीळ हा स्वतंत्र आजार मानतात, खरं तर ती एक खूण आहे. दूषित पाणी पोटात जाऊन होणाऱ्या काविळीत बहुतेकदा डोळे पिवळे होईपर्यंत ताप ओसरतो आणि यकृताचं एसजीपीटी हजारांत जातं. या मुलाचं बिलिरुबिन 9 होतं, एसजीपीटी फक्त 120, आणि क्रिएटिनिन 3.8, म्हणजे मूत्रपिंडं थकलेली. काविळीचं प्रमाण मोठं आणि यकृताची इजा त्या मानाने लहान, सोबत मूत्रपिंड बिघडलेलं: हे लेप्टोचं चित्र आहे. तापानंतर डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, खोकल्यातून रक्त आलं, धाप लागली किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर माझ्यासारखीच्या छोट्या दवाखान्यातही वेळ घालवू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. फुप्फुसातला रक्तस्राव काही तासांत जीव घेतो. मुलाला आयसीयूत ठेवावं लागलं, शिरेतून अँटिबायोटिक, तीनदा डायलिसिस. तो वाचला. लेप्टोमध्ये वेळेवर आधार मिळाला तर मूत्रपिंडं बहुतेकदा पूर्ववत होतात, त्याचीही झाली. पण अडीच महिने काम बंद आणि घरावर कर्ज.

त्याच्यासोबत गाळ काढणाऱ्या दुसऱ्या मुलाला 24 तारखेला ताप आला. मित्र आयसीयूत होता, त्यामुळे तो दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आला आणि खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाला, "मीपण त्याच पाण्यात होतो." पोटरी दाबली तर पाय ओढला. मी मलेरिया-डेंग्यूसाठी रक्त घेतलं, कारण पावसाळ्यात दोन आजार एकत्रही येतात, आणि त्याच वेळी डॉक्सीसायक्लीन सुरू केली: 100 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून दोनदा, सात दिवस. जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. दुधासोबत घेऊ नये. पहिल्या गोळीनंतर त्या रात्री त्याला थंडी जास्त वाजली आणि घरच्यांनी मला फोन केला. जिवाणू मरू लागले की कधीकधी असं होतं, औषध बंद करायचं नाही. तिसऱ्या दिवशी ताप गेला. रक्तात क्रिएटिनिन ठीक होतं. पाचव्या दिवशी गोळ्या सोडू का म्हणून विचारायला आला, त्याला सातही दिवस घ्यायला लावल्या.

हे वाचून कुणी मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणू नयेत. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना डॉक्सीसायक्लीन सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी अमॉक्सिसिलिन किंवा अझिथ्रोमायसिनसारखी औषधं आहेत. आणि डोळे पिवळे झालेल्या माणसाला गोळ्यांवर घरी ठेवणं धोक्याचं आहे.

ताप यायच्या आधी घ्यायच्या गोळीबद्दलही बरंच विचारलं जातं. पाण्यातून गेलेल्यांनी 72 तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रतिबंधक डोस घ्यावा, असं मुंबई महापालिका पावसाळ्यात सांगते. एकदाच पाण्यातून गेलेल्याला एक डोस, पायाला जखम असेल किंवा पुन्हा पुन्हा पाण्यात उतरावं लागत असेल तर जास्त, किती ते डॉक्टर ठरवतील. या गोळीचा उपयोग आहे, पण ती कवच नाही. उत्तर अंदमानात साथीच्या काळात लोकांना आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लीन देऊन अभ्यास झाला होता. संसर्ग थांबला नाही, आजार आणि मृत्यू मात्र कमी झाले. म्हणजे गोळी घेतली असली तरी ताप आल्यावर डॉक्टरकडे जायचंच.

आता आपल्या तरुण मंडळांविषयी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोचे पेशंट मोठ्या संख्येने आले. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा मुंबई-पुण्याहून आपली कितीतरी मुलं तिथे गाळ काढायला गेली. मदतीचं काम आपण उत्तम करतो. रेशन किट, ब्लँकेट, पाण्याच्या बाटल्या. आठवडाभराने काम संपतं, फोटो टाकले जातात आणि सगळे आपापल्या घरी जातात. ताप येतो त्यानंतर. चिपळूणमध्ये गाळ काढलेला मुलगा मुंब्र्यात किंवा पुण्यात आजारी पडतो, आणि तिथल्या डॉक्टरला कोरड्या गल्लीत राहणाऱ्या पेशंटच्या मनात पुराचं पाणी दिसणार कसं?

माझी मागणी किरकोळ आहे. मदतीला जाणाऱ्या प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. नाव, फोन, पाण्यात किंवा गाळात उतरल्याची पहिली आणि शेवटची तारीख, पायाला जखम होती का, प्रतिबंधक गोळी घेतली का. गमबूट आणि रबरी हातमोजे किटच्या यादीत सगळ्यात वर. आणि काम संपल्यावर एकाने जबाबदारी घेऊन शेवटच्या तारखेपासून चार आठवडे, आठवड्यातून एकदा, वहीतल्या प्रत्येकाला फोन करावा. ताप आहे का, पोटऱ्या दुखतात का, एवढंच विचारायचं. ज्या घरांत गाळ काढला त्या घरांनाही, विशेषतः तिथल्या बायकांना. ज्याला ताप असेल त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं आणि केस पेपरवर पाण्यात उतरल्याच्या तारखा लिहून घ्यायच्या. डॉक्टर घाईत असतील तर ती ओळ स्वतः कागदावर लिहून टेबलावर ठेवा. पुढच्या हॉस्पिटलमध्ये पेशंट गुंगीत गेला तरी तो कागद बोलेल.